विषय : ३ किलोवॅट सोलरचे कोटेशन, आणखी सवलतीबाबत

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी तुमचा फोन आला तेव्हा मी विश्रामबागला एका गच्चीवर होतो. एका हातात पाना, दुसऱ्या हातात मोबाईल. "१ लाख ८० हजारांत बसवा, उद्याच ॲडव्हान्स देतो," असं तुम्ही म्हणालात आणि मी "लिहून कळवतो" म्हणून सुटलो. घाईत हो म्हणून नंतर मालात काटछाट करायची, हे मला जमत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

उत्तर आधी सांगतो. कोटेशनमध्ये लिहिलेल्या मालात आणि कामात १,९८,००० च्या खाली मला येता येणार नाही. पहिला आकडा २,०५,००० होता. त्यातले ७,००० मी मंगळवारी तुमच्यासमोरच कमी केले आणि जे कमी करता येत होतं ते तेवढंच होतं. पण तुमचं काम मला सोडायचं नाही. तुमचा खर्च खरोखर कमी करणारा एक मार्ग आहे, तो पुढे लिहिलाय. निवड तुमची आणि काकूंची.

तुम्ही पाठवलेलं दुसरं कोटेशन मी दोनदा वाचलं. ज्यांचं आहे त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, कागदावर आहे तेवढंच सांगतो. आकडा १,७८,००० आहे, पण खाली बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' असं लिहिलंय. सोलरच्या कामात किमतीचा ७० टक्के भाग माल धरतात, त्यावर ५ टक्के कर लागतो. उरलेला ३० टक्के भाग कामाचा, त्यावर १८ टक्के. दोन्ही मिळून ८.९ टक्के होतात. म्हणजे १,७८,००० वर १५,८४२ कर, एकूण १,९३,८४२. माझे १,९८,००० करासहित आहेत. तेव्हा आमच्या दोघांच्या कोटेशनमधला खरा फरक वीस हजारांचा नाही, ४,१५८ रुपयांचा आहे. एवढ्या फरकात काय काय वेगळं आहे ते आता बघा.

त्या कोटेशनमध्ये स्ट्रक्चरसमोर नुसतं 'जीआय स्ट्रक्चर' असं लिहिलंय. पाइप किती जाड, उंची किती, गॅल्व्हनायझिंग कसलं, काहीच नाही. माझ्याकडे ६० बाय ६० चा, २ मिलीमीटर जाडीचा, हॉट डिप केलेला पाइप आहे आणि पॅनेलची खालची कड गच्चीपासून ७ फुटांवर येते. ही उंची मी सुचवलेली नाही सर. मंगळवारी टेप लावताना काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या कुरडया-पापडांची जागा जाऊ देऊ नका." म्हणून ७ फूट धरले. लोखंडाचा भाव किलोवर असतो, उंची वाढली की पैसे वाढतात, एवढं सरळ आहे.

जाडीबद्दल मी हट्टी का आहे तेही सांगतो. गेल्या मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मला एका बंगल्यावर बोलावलं. काम माझं नव्हतं. पाइप कॅलिपरला लावला तर १.२ मिलीमीटर. मागचे दोन पाय गुडघ्यात वाकावे तसे वाकलेले, एक पॅनेल टाकीवर आडवं पडलेलं. पाय थेट स्लॅबला भोकं पाडून बोल्टने बसवले होते, त्यामुळे खालच्या खोलीत ओलही आली होती. एका पॅनेलचं वजन २८ किलोच्या आसपास असतं आणि तुमच्याकडे सहा लागणार आहेत. वारा खालून शिरला की तो वजन बघत नाही, उचलतो. तुमच्या गच्चीवर मी एकही भोक पाडणार नाही. काँक्रीटचे ब्लॉक ओतून त्यात पाय बसवणार. ब्लॉक, सिमेंट, खडी आणि ते वर चढवायची मजुरी, सगळं १,९८,००० मध्ये धरलंय.

दुसरी गोष्ट पॅनेलची. अनुदान मिळायचं असेल तर डीसीआर पॅनेलच लागतं, म्हणजे ज्याचे सेलसुद्धा भारतात बनलेत असं. परदेशी सेल वापरून इथे जोडलेलं पॅनेल बरंच स्वस्त पडतं, दिसायलाही सारखंच असतं, पण त्यावर अनुदान नाही. ३ किलोवॅटला केंद्राचं अनुदान ७८,००० रुपये आहे. चार हजार वाचवायला जाऊन ते अडकलं तर काय, याचा विचार करा. त्या कोटेशनमध्ये ५४० वॅट लिहिलंय, डीसीआर हा शब्द नाही. कदाचित लिहायचं राहिलं असेल, फोन करून विचारा. माझ्याकडून घ्या किंवा त्यांच्याकडून, पाइपची जाडी, डीसीआरचा दाखला आणि अर्थिंगचे खड्डे किती, हे तिन्ही लेखी घ्याच. माझ्याकडे खड्डे तीन आहेत : वीजरोधकाला वेगळा, डीसीला वेगळा, एसीला वेगळा.

आता माझं पोट. या कामात सगळं जाऊन माझ्या हातात १४-१५ हजार राहतात आणि त्याच पैशात योजनेच्या नियमाप्रमाणे पाच वर्षं देखभाल मला करायची आहे. त्यातून १८,००० सोडले तर मी पदरचे घालून काम करणार, आणि असं काम घेतलेल्या माणसाचा फोन तिसऱ्या वर्षी लागत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. इनव्हर्टरवर लाल दिवा लागला की तुम्ही फोन करणार आणि मी यायला हवं. मिरजेहून सांगलीला मला वीस मिनिटं लागतात.

आता खर्च कमी करायचा मार्ग.

स्ट्रक्चर ७ फुटांऐवजी ३ फुटांवर घेतलं तर ११,००० कमी होतील. म्हणजे करासहित १,८७,०००, आणि ७८,००० अनुदान वजा जाता तुमच्या खिशातून १,०९,०००. पॅनेल, इनव्हर्टर, वायर, अर्थिंग सगळं तेच. पण दोन तोटे आहेत आणि ते मी आधीच सांगतो. पॅनेलखालची जागा जाईल, तिथे फक्त वाकून झाडता येईल. शिवाय तुमच्या जिन्याची खोली नैर्ऋत्येला आहे. डिसेंबर-जानेवारीत तीननंतर तिची सावली खाली लांबते, ३ फुटांवर असलेल्या शेवटच्या दोन पॅनेलना ती लागणार. वर्षाच्या हिशेबात फार मोठं नुकसान नाही, पण हिवाळ्यात आकडे कमी दिसले की तुम्ही मला विचारणार, म्हणून आत्ताच लिहून ठेवतोय. माझं मत विचाराल तर ७ फूट घ्या. पण गच्ची तुमची.

२ किलोवॅटचं बघू का, असंही तुम्ही बोलता बोलता विचारलं होतं. त्याला अनुदान ६०,००० आहे आणि खर्चही कमी आहे. पण तुमची बारा महिन्यांची बिलं मी बघितली : सरासरी २९० युनिट, मे महिन्यात ४१०. पुण्याची मंडळी सुट्टीत आली की एसी दिवसभर चालतो, असं काकूच म्हणाल्या. १ किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देतो. २ किलोवॅटमध्ये महिन्याला २४० च्या आसपास होतील, पावसाळ्यात त्याहून कमी. दोन वर्षांनी पुन्हा दोन पॅनेल वाढवा म्हणाल, ते महागात पडेल. सहा पॅनेलचे ३.२४ किलोवॅट तुम्हाला बरोबर बसतात. बिल अगदी शून्य येईल असं मात्र मी म्हणणार नाही. स्थिर आकार राहतोच.

दर कमी करता येत नाही, पण माझ्या हातातल्या दोन गोष्टी करतो. इनव्हर्टरपासून गेटजवळच्या मीटरपर्यंत केबल २२ मीटर लागतेय, कोटेशनमध्ये १५ धरली होती. वरच्या ७ मीटरचे पैसे घेणार नाही. आणि पैसे असे द्या : ऑर्डरबरोबर २०,०००, माल गच्चीवर चढला की १,२८,०००, नेट मीटर बसला की २५,०००, आणि शेवटचे २५,००० अनुदान तुमच्या खात्यात जमा झाल्यावर. अनुदान थेट तुमच्याच खात्यात येतं, माझा त्यात हात नसतो. तरी तेवढे पैसे मी थांबवून ठेवतो, म्हणजे कागदपत्रांचा पाठपुरावा मी ढिला सोडणार नाही याची तुम्हाला खात्री राहील. ३ फुटांचं ठरलं तर दुसरा हप्ता १,१७,००० होईल, बाकी तसंच. ही सोय मी सगळ्यांना देत नाही, कारण डीलर मला उधारी देत नाही.

हा दर येत्या शनिवारपर्यंत धरा. डीलरकडे याच लॉटची सहा पॅनेल मी तोंडी सांगून ठेवलीत. त्यापुढे तो थांबणार नाही आणि नवीन लॉटचा भाव मला माहीत नाही.

शनिवारी सकाळी दहाला मला तुमच्या बाजूलाच काम आहे. काकू घरी असतील तर पाच मिनिटं गच्चीवर येतो, दोन बांबू आणि सुतळी घेऊन. ७ फूट आणि ३ फूट दोन्ही उंचीला सुतळी बांधून दाखवतो, म्हणजे कागदावर डोकं लावायला नको. मग जे ठरेल ते त्याच दिवशी लिहून घेऊ.

आपला,
विजय

ता. क. : बिलावर अजून अण्णांचं नाव आहे, ते मंगळवारी बोलायचं राहिलं. अर्ज, बिल आणि बँक खातं यांवरचं नाव एकच लागतं, नाहीतर अनुदान लटकतं. काम कोणाकडूनही करा, महावितरणकडे नाव बदलायचा अर्ज आधी टाका. मृत्यूचा दाखला आणि घराचा उतारा काढून ठेवा, फॉर्म मी शनिवारी भरून देतो. त्याचे पैसे नाहीत.