दुर्भाटचा बंब

मार्च संपत आला की देवळाच्या तळीचं पाणी पायऱ्यांखाली उतरतं, आणि त्याच वेळी वाफेवर पाणी उपसणाऱ्या आमच्या बंबाची तहान वाढते. बंबाला जुवारी नदीचं खारं पाणी चालत नाही. तापलं की आतून मिठाचा थर धरतो, तांबं फुगतं आणि एखाद्या दिवशी झाळणी फुटून वाफेसकट बंबवाला उडतो. म्हणून खाजनातलं, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातलं, खारं पाणी बाहेर फेकायचं, तर बंबाच्या पोटात गोडं पाणी ओतायला हवं. ते ओततं कोण? आमच्या वाड्यावरच्या बायका.

ही यंत्रं इथवर पोचली ती राजांच्या घोळामुळे. 1606 साली स्पेनच्या राजानं हेरोनिमो दे आयान्झ नावाच्या माणसाला खाणीतलं पाणी वाफेनं उपसण्याचा हक्क दिला. पोर्तुगालही तेव्हा त्याच राजाच्या ताब्यात होतं, त्यामुळे मिरी न्यायला येणाऱ्या जहाजांतून तांब्याची पिंपं जुन्या गोव्याला उतरली. आता शंभर वर्षं होत आली. तिकडे नदीकाठच्या गोदीत वाफेवर करवती चालतात. इकडे आमच्या गांवकरीनं, म्हणजे गावाची शेतं नि बांध सांभाळणाऱ्या मंडळीनं, एक जुना बंब आणि टोल देणारं घड्याळ घेतलं, आणि तीस माणसांची पाणी उपसण्याची पाळी सुटली.

सुटलेल्या तिसांत मीही होतो. मला घड्याळाला किल्ली द्यायचं काम मिळालं, ते बरं होतं.

खाजनाला बांध आहे आणि बांधात मानस. तिची लाकडी दारं ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं आपोआप उघडतात, भरती आली की बाहेरच्या पाण्यानं आपोआप मिटतात. माझे आजोबा मानशेकार होते, त्यांच्या हयातीत दारांना कोणी हात लावला नाही, फार तर शेवाळ खरवडलं. पण घड्याळ आल्यापासून बंब सूर्योदयाच्या टोलाला पेटतो आणि सूर्यास्ताच्या टोलाला विझतो. मधे ओहोटी असो, मानस भरभरून वाहत असो, बंब आपला धापा टाकतच असतो. त्यात लाकूड किती जळतं ते पाहायचं तर समोरच्या डोंगराकडे बघावं.

चैत्रात गांवकरीची बैठक देवळाच्या चौकात बसली. वहिनी घागर घेऊनच आली आणि ती चौकात मधोमध ठेवली.

"तीस पुरुष सुटले म्हणून सगळे खूश आहात," ती म्हणाली. "वीस बायका जुंपल्या त्यांची नोंद वहीत कुठे आहे?"

वडील गांवकारांनी वही उघडली, चाळली, मिटली. "पाणी भरणं हे काय काम आहे, वहिनीबाय? घरचं पाणी भरताच की."

"घरी हंडाभर पाणी शिजवायला लागतं. हा तुमचा बंब काही शिजवतही नाही न् नुसता पितोय."

कोणीतरी हसलं. मग बंबवाला तावातावानं उठला: बंब थांबवला तर खालची वायंगणी शेतं बुडतील. हे अर्धं खरं होतं. भरतीला मानस बंद असताना झिरपा साचतो, तेवढा वेळ बंब हवा. ओहोटीला तो नुसता लाकडं खातो.

"पण ओहोटी रोज वेगळ्या वेळी," गांवकार म्हणाले. "टोल कसा बांधायचा?"

हे माझ्यावर आलं. आजोबा तिथीमागे दोन घटका धरायचे. आज भरती जेव्हा, उद्या साधारण त्यापुढे दोन घटकांनी. मी घड्याळाच्या तबकडीवर पत्र्याची एक चकती बसवली होती, तिथी बदलली की ती दोन घटका पुढे सरकवायची. चकतीच्या काळ्या भागावर काटा असला की मानस, पांढऱ्यावर असला की बंब. हे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण किल्लीवाल्यानं घड्याळात लुडबूड केली तर पगार कापतात.

गांवकारांनी चकती दोनदा फिरवून पाहिली. "म्हणजे बंब अर्धा दिवस रिकामा. बंबवाल्याला अर्धा पगार?"

बंबवाल्याचा चेहरा पडला. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं, मग बंबाकडे.

"वाफ आहे ना? भात उकडायला लागतंच. प्रत्येक घरात चुलीवर हंडे चढवून बायका उकडं करतात. नळी काढून बंबाची वाफ भाताच्या पेटाऱ्यात सोडा. ओहोटीच्या वेळात भात उकडा, पगार पुरा द्या."

"आणि त्याचं पाणी?"

"ज्याचं भात, त्याच्या घरच्या पुरुषानं आणायचं. तीस मोकळेच आहेत."

वडील गांवकारांनी पुन्हा वही उघडली. लिहिता लिहिता विचारलं, "एका पेटाऱ्याला घागरी किती लागतील?"

"पहिल्या दिवशी तुम्हीच आणून मोजा," वहिनी म्हणाली, आणि चौकातली घागर उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली.