बर्फातली गाडी

सकाळी सहाला फोन हातात घेतला तर ताईचे सात मिस्ड कॉल. पहिला रात्री २ वाजून ५२ मिनिटांनी, शेवटचा ४ वाजून १० मिनिटांनी. फोन सायलेंटवर होता. अण्णा ऐंशीचे आहेत. अशा वेळी मनात एकच विचार येतो, आणि तो आला की बोटं नीट चालत नाहीत. दोनदा भलताच नंबर लागला.

ताईने रिंग पुरी व्हायच्या आत उचलला.

"अण्णा बरे आहेत," ती म्हणाली. "टीव्हीचं तू काय केलंस, तेवढं सांग."

मी पलंगावरच बसले. घसा कोरडा पडला होता, म्हणून आवाज चढाच लागला. "टीव्हीचं? टीव्हीसाठी रात्रभर फोन करालीस?"

"पासवर्ड बदललास ना?"

"बदलला. कुणीतरी चोरून वापरतंय आपलं खातं."

"कोण वापरतंय?"

"मला काय माहीत! बेंगळुरूचा कुणीतरी."

झालं होतं ते असं. आदल्या रात्री ईरा सिनेमा बघत होती, आणि एकाच वेळी फार जास्त ठिकाणी खातं सुरू असल्याचा संदेश पडद्यावर आला. समीर म्हणाला, जरा बघ तरी. मी खात्यात जाऊन कुठल्या कुठल्या उपकरणांवर ते चालू आहे त्याची यादी काढली. आमचा टीव्ही, माझा फोन, कऱ्हाडच्या हॉस्टेलवर ओंकारचा लॅपटॉप आणि चौथा एक टीव्ही. ठिकाण बेंगळुरू. शेवटचा वापर आदल्या रात्री २:४१. आमचं बेंगळुरूला कुणी नाही. तो चौथा टीव्ही 'ताई' या प्रोफाइलवर चालत होता आणि त्यावर परदेशातल्या रेल्वेचा एकच भाग पुन्हा पुन्हा लावलेला दिसत होता. ताई रेल्वे कशाला बघेल, तीही रात्री अडीचला? ताई दहाला झोपते, हे मला लहानपणापासून माहीत. साडेअकरा वाजून गेले होते, म्हणून तिला उठवलं नाही. सकाळी सांगू म्हटलं. नवा पासवर्ड घातला, सगळ्या उपकरणांवरून साइन आऊट करण्याच्या चौकोनात खूण केली आणि निवांत झोपले.

"तो टीव्ही आपला आहे, मनू," ताई म्हणाली. "मिरजेचा. अण्णा बघत होते. मधेच बंद पडला. मी रिमोट घेऊन खटपट करत बसले, जुना पासवर्ड चार वेळा घातला, तोवर अण्णा उठून गेले. गेटची कडी काढत होते. काठी नाही, अंगावर नुसता बनियन, बाहेर थंडी. ड्यूटीवर निघालो म्हणाले."

मला काही सुचलं नाही. सुचलं नाही तेव्हा गप्प बसायला हवं होतं.

"मग तू मला कधी सांगितलंस का, अण्णा रात्री जागतात म्हणून?"

"तू विचारलंस का?"

"रोज फोन करते मी!"

"करतेस. रोज संध्याकाळी फोन करतेस आणि अण्णा जेवले का विचारतेस. जेवतात की. रात्रीचं कोण विचारतंय?"

"असं टोचून बोलू नकोस, ताई."

"टोचून नाही बोलाले. मी दोन महिने सलग झोपले नाही, एवढंच सांगाले. आणि तू एक फोन न करता पासवर्ड बदललास."

इथे मी जे बोलले ते मला परत घेता येणार नाही. लिहितानाही हात अडतो, पण बोलले होते, तर लिहायलाच हवं. "महिन्याचे साडेसहाशे रुपये माझ्या कार्डातून जातात. माझ्या खात्याचा पासवर्ड बदलायला मला कुणाची परवानगी लागत नाही."

पलीकडे मिक्सर चालू होता तो बंद झाला.

"तुझं खातं," ताई म्हणाली. "बरं." आणि फोन ठेवला.

माझं खातं. तीन वर्षांपूर्वी गणपतीत आम्ही सगळे मिरजेला होतो तेव्हा ते काढलं होतं. दुपारी आरतीनंतर सगळे पुढच्या खोलीत पसरलेले, मी टीव्हीसमोर मांडी घालून बसलेली. पासवर्ड काय ठेवू विचारलं तर प्रत्येकाचं वेगळं. अण्णा आरामखुर्चीतून म्हणाले, "कोयना ठेव. पुढे गाडीचा नंबर घाल, म्हणजे कुणी विसरणार नाही." म्हणून `Koyna11030`. कोल्हापूरहून मुंबईला जाणारी. प्रोफाइल केली चार: मनू, ताई, ईरा, ओंकार. अण्णांना विचारलं तर म्हणाले, मला वेगळं कशाला, मी तुमच्यातच बघतो.

अण्णा रेल्वेत गार्ड होते. पुणे-मिरज मार्ग १९७१मध्ये मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, तेव्हा ते नोकरीत नवे होते. त्यांची पत्र्याची काळी पेटी, पांढऱ्या रंगात नाव घातलेली, अजून जिन्याखाली आहे. तीत हिरवा आणि लाल झेंडा, घडी घातलेले. गार्डला २०२२पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात हे ओंकारने त्यांना पेपरातून वाचून दाखवलं होतं. अण्णांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "गार्डच बरं होतं. गाडी राखतो तो गार्ड."

दोन दिवस ताईचा फोन नाही. मीही केला नाही. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही होता. तिने एकदा सांगितलं असतं तर मी गेले नसते का? हा प्रश्न मी समीरला विचारला. तो म्हणाला, "गेली असतीस. पण दिवाळीला तू चार दिवस होतीस तिथे, तेव्हा बघितलं असशील ना?" दिवाळीत मी वरच्या खोलीत झोपत होते. खाली अण्णांच्या शेजारच्या कॉटवर ताई.

तिसऱ्या दिवशी ओंकारने फोन केला. त्याचाही लॅपटॉप बंद पडला होता, पण तो त्यासाठी बोलत नव्हता.

"मावशी, बेंगळुरूचं कोडं सुटलं. घरचं नेट महिन्यापूर्वी बदललंय. नव्या जोडणीचा पत्ता नेटवर बेंगळुरूचा दिसतो. माझ्या फोनलाही घरी गेलो की तिथलंच हवामान येतं." मग जरा थांबून म्हणाला, "आईला सांगू नकोस मी बोललो म्हणून. आजोबा दिवाळीपासून असे आहेत. दोनला उठतात. गाडी सुटायची वेळ झाली म्हणतात. एकदा आईने चुकून तो रेल्वेचा भाग लावला आणि ते शांत बसून राहिले. तेव्हापासून रोज तोच लावते. दुसरा लावला तर चालत नाही."

त्या रात्री ईरा झोपल्यावर मी ताईच्या प्रोफाइलमध्ये गेले आणि पाहिलेल्यांची यादी उघडली. तारीख, त्यापुढे नाव. तारीख, तेच नाव. बोटाने वर सरकवत राहिले. काही तारखांना ते दोनदा होतं, एका तारखेला तीनदा. मधे कुठे ताईची स्वतःची एखादी मालिका असेल म्हणून शोधलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक होती, पाचव्या भागावर अर्धवट सोडलेली. त्यानंतर नुसती रेल्वे.

मग मी तो भाग लावला. शेहेचाळीस मिनिटांचा आहे. डोंगरातून जाणारी लहानशी लाल गाडी, दोन्ही बाजूंना बर्फ. निवेदन अगदी कमी, चाकांचाच आवाज जास्त. एकोणिसाव्या मिनिटाला गाडी एका छोट्या स्टेशनात थांबते. शेवटच्या डब्याचं दार उघडतं, जाडा कोट घातलेला एक माणूस फलाटावर उतरतो, मागे बघतो, पुढे बघतो, हात वर करतो. गाडी हलते. तो चालत्या गाडीत पायरीवर चढतो आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभा राहतो, तोंड मागच्या रुळांकडे.

मी ते मागे नेऊन पुन्हा बघितलं. लहानपणी आई आम्हा दोघींना फलाटाच्या टोकाला उभं करायची. सगळी गाडी समोरून निघून गेली की शेवटी अण्णा यायचे, दारात असेच उभे, अंगावर पांढराशुभ्र गणवेश, आणि आमच्याकडे न बघता झेंडा हलवायचे. ताई मला उचलून घ्यायची, मला दिसावं म्हणून. ती नऊ वर्षांची होती आणि मी चार.

सकाळी मी फोन केला.

"ताई, माझं चुकलं."

"हं."

"खातं माझं नाही. मी असं बोलायला नको होतं."

"बोललीस खरं." तिचा आवाज बसला होता. "मला अजून राग आहे, मनू. पैशावर आलीस म्हणून."

"असू दे राग. मी शुक्रवारी येते. रविवार संध्याकाळपर्यंत आहे. दोन्ही रात्री अण्णांजवळ मी झोपेन, तू वर झोप. दार लावून. आणि दर पंधरा दिवसांनी येईन. डॉक्टरांकडेही आपण दोघी मिळून नेऊ त्यांना."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ईराची शाळा?"

"समीर बघेल."

"बरं." आणि जरा वेळाने, "आता पासवर्ड सांग. तीन रात्री जुन्या मोबाइलमधली शिट्टी ऐकवत बसले त्यांना."

टीव्हीच्या रिमोटने अक्षरं घालणं किती जिकिरीचं असतं ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. मी फोनवरून सांगत होते, ताई बाणाची बटणं दाबत होती.

"मोठा K. मग o लहान. y."

"थांब, पुढे गेला. आला. y. n. जुनाच आहे की हा."

"नाही. थोडा बदललाय. a. आता आकडे."

मागून अण्णांचा आवाज आला, स्वच्छ, खणखणीत. "एक, एक, शून्य, तीन, शून्य."

"नाही, अण्णा," मी मोठ्याने म्हणाले. ताईने फोन स्पीकरवर टाकला असावा. "एक, एक, शून्य, दोन, नऊ."

क्षणभर शांतता. मग अण्णा म्हणाले, "ही इकडे येणारी. मुंबईहून निघते, पुण्याला थांबते." आणि स्टेशनं सांगू लागले. जेजुरी, नीरा, लोणंद, सातारा. ताई हळूहळू आकडे घालत होती, प्रत्येक बटणाचा टक आवाज मला इकडे ऐकू येत होता. कऱ्हाड. किर्लोस्करवाडी. सांगली.

"लागलं," ताई म्हणाली.

"कोण येतंय गाडीने?" अण्णांनी विचारलं.

"मनू येते, अण्णा. शुक्रवारी."

"मग स्टेशनवर जायला हवं," अण्णा म्हणाले.

"जाऊ की," ताई म्हणाली. "दोघं जाऊ."