धारणी टेलिमेडिसिन पायलट: सहा महिन्यांचं बजेट, ५ दवाखाने

दादा, मॅडम, मीटिंगमध्ये म्हटलं तसं आकडे टाकतोय. बैरागड पट्ट्यातले आपले पाच दवाखाने, पलीकडे अमरावतीचे डॉक्टर, आठवड्याला चार सेशन, प्रत्येकी दोन तास. एकूण ८,५०,००० रुपये.

मशिनी: ३,०७,०००
एका दवाखान्याला टॅब १८,०००, बीपी मशीन २,२००, ऑक्सिमीटर १,३००, ग्लुकोमीटर स्ट्रिप्ससकट ३,५००, इन्व्हर्टर बॅटरी २४,०००, म्हणजे ४९,०००, पाचांचे २,४५,०००. एक टॅब जास्तीचा, पडला फुटला तर. डिजिटल स्टेथोस्कोप २२,००० चा एक, ते फक्त दोनच घेतलेत, आधी वापर होतो का बघू. इन्व्हर्टर मात्र कापू नका प्लीज, पावसाळ्यात लाइट गेली की दिवसदिवस येत नाही.

नेट: ७१,५००
दोन सिमचे राउटर ५ × ६,५०० = ३२,५००. दोन गावांत रेंज छपरावरच मिळते म्हणून अँटेना २ × ९,००० = १८,०००. रिचार्ज महिन्याला दवाखान्यामागे ७०० प्रमाणे २१,०००. व्हिडिओ अडकला तर फोनवर बोलायचं, २०२० च्या टेलिमेडिसिन गाइडलाइन्समध्ये ते चालतं.

ट्रेनिंग: ५२,०००
दहा जणी, धारणीत तीन दिवस, राहणं-जेवण २१,०००, ट्रेनरची फी आणि प्रवास १८,०००, दुसऱ्या महिन्यात एक दिवस उजळणी ९,०००, कोरकू-मराठी शब्दांचे तक्ते आणि संमतीचे फॉर्म छापायला ४,०००. कॉल आपली नर्स लावणार, म्हणून पेशंटची संमती स्पष्ट विचारून लिहून ठेवावी लागते, हे पहिल्याच दिवशी शिकवायचं.

माणसं: ३,५४,०००
डॉक्टरांचं मानधन १०४ सेशन × १,५०० = १,५६,०००. को-ऑर्डिनेटर १८,००० × ६ = १,०८,०००. कोरकू दुभाषी पाच जणी, महिना ३,०००, एकूण ९०,०००. यावर कुणीतरी विचारणारच की नर्स आहेच ना मग दुभाषी कशाला, तर ट्रायलला एक आजी छातीवर हात ठेवून कोरकूत पाच मिनिटं बोलली, नर्सने डॉक्टरांना सांगितलं "खोकला आहे", बास. शेजारच्या पोरीने नंतर सांगितलं की आजी म्हणत होती रात्री झोपून श्वासच घेता येत नाही, बसून रात्र काढते. डॉक्टरांनी लगेच पुन्हा कॉल लावला. त्यामुळे ९०,००० तिथेच राहू द्या, कापायचंच असेल तर स्टेथोस्कोप कापा.

दुरुस्ती २५,०००, वरखर्च ४०,५००. सॉफ्टवेअरला शून्य धरलंय, साधा व्हिडिओ कॉल पुरतो, फक्त प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर आणि सही हवी, ते पीडीएफ नर्स प्रिंट काढून देईल, प्रिंटर दवाखान्यांत आहेतच.

मशिनी, नेट आणि ट्रेनिंगचे मिळून ४,३०,५०० आधी लागतील, बाकीचे महिन्याच्या महिन्याला दिले तरी चालेल. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवा म्हणजे पाऊस लागायच्या आत अँटेना बसवून घेतो.