दुकान उघडताना आणि बंद करताना
(स्टेशनरी आणि झेरॉक्स. हा कागद गल्ल्यामागच्या भिंतीवरून काढू नये.)

कामं याच क्रमानं करा. एक झालं की लगेच खूण करा. रात्री बसून दिवसभराच्या खुणा एकदम केलेल्या ओळखू येतात, शाई एकसारखी असते.

उघडताना, ८:४० पासून

१. शटर आणि दोन्ही कुलपं आधी नुसती बघा. कडी वाकलेली किंवा ओरखडे दिसले तर उघडू नका, फोन करा.
२. उघडलेली कुलपं लगेच आतल्या खिळ्याला. बाहेर कडीला लटकत ठेवली तर कुणी तसंच दिसणारं दुसरं कुलूप अडकवून जाईल, आणि रात्री आपण तेच लावू.
३. मेन स्विच, दिवे, झेरॉक्स मशीन. मशीन गरम होईपर्यंत पुढची कामं उरकतात.
४. आधी झाडू, मग काउंटर पुसणं. उलट केलं तर दोनदा पुसावं लागतं.
५. गल्ला मोजा. काल रात्री वहीत लिहिलेल्या आकड्याशी जुळला की सही करा. सहीआधी विक्री नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.
६. कार्ड मशीन: चार्जिंग, नेटवर्क, रोल. रोलच्या कडेला रंगीत पट्टी दिसू लागली की बदला.
७. एक कोरी प्रत काढून बघा. उभी काळी रेघ आली तर मोठ्या काचेशेजारची अरुंद काच पुसा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो, टोनर बदलायची घाई नको.
८. पेनं, वह्यांच्या रिकाम्या जागा भरा. जुना माल पुढे.
९. ९ वाजता पाटी फिरवा.

बंद करताना, ८:१५ पासून

१. मोठं झेरॉक्सचं काम घेणं बंद.
२. ८:३० ला पाटी फिरवा, रॅकमागे कुणी नाही ना बघा, शटर अर्धं खाली. उघड्या शटरसमोर पैसे मोजायचे नाहीत.
३. मशीनचं झाकण उचला. काचेवर कुणाचा तरी मूळ कागद राहिलेला असतोच. तो निळ्या फाइलीत, वर तारीख. मग मशीन बटणानं बंद, थेट प्लग उपटू नका.
४. कार्ड मशीनची दिवसअखेरची स्लिप काढून वहीला टाचा.
५. रोकड दोनदा मोजा. उद्याची मोड बाजूला काढा, बाकीची पेटीत. आकडा जुळला नाही तर तफावत आहे तशी लिहा. खिशातले घालून जुळवणं बंद. चूक कुठे होते ते मग कधीच कळत नाही. उधारीही आजच लिहा.
६. संपत आलेला माल फळ्यावर.
७. कचरा बाहेर.
८. दिवे, पंखे, बाकीचे स्विच बंद. लाल टेपचा स्विच कॅमेऱ्याचा, त्याला हात नको.
९. शटर, दोन्ही कुलपं. प्रत्येक कुलूप ओढून बघा. किल्ली खिशात आहे याची खात्री कुलूप लावायच्या आधी.