उंची एकशे साठ

आहारशास्त्राच्या व्हायवाच्या टेबलावर रबरी पोळी, रबरी इडली आणि स्टीलच्या तीन वाट्या मांडून ठेवल्या होत्या. एक्स्टर्नल मॅडमनी त्यातली १५० मिलीची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि केस सांगितली.

"बाई अठ्ठावन्न वर्षांची. वजन बासष्ट, उंची एकशे पंचावन्न. दोन वर्षांपासून डायबेटिस. घरचं सगळं स्वतः करते. मिफ्लिन–सेंट जिओरने बीएमआर काढ."

मी पेन उचललं. कागदावर '१० × वजन' लिहिलं आणि तिथेच अडकले. उंचीला कशाने गुणायचं? शेवटी किती वजा करायचे? सकाळी स्वारगेटहून येताना बसमध्ये हेच सूत्र मी तीनदा म्हटलं होतं. आता डोक्यात हॅरिस–बेनेडिक्ट या दुसऱ्याच सूत्राचे दशांश चिन्हातले आकडे गर्दी करत होते, आणि त्यातला एकही इथे चालणारा नव्हता. पंखा कागदाचा कोपरा उचलत होता. इंटर्नल सर खिडकीबाहेर बघत होते, बहुतेक माझ्यासाठीच.

"मॅडम, सूत्र आत्ता पूर्ण आठवत नाहीये," मी म्हटलं. "पण उत्तर कुठे यायला हवं ते सांगू का?"

त्यांनी मान हलवली.

"किलोमागे पंचवीस कॅलरी धरल्या तर बासष्ट किलोला दिवसाच्या १५५० होतात. बीएमआर म्हणजे काहीही न करता लागणारी ऊर्जा, ती त्याहून बरीच कमी हवी. वजन आणि उंची वाढली की ती वाढते, वय वाढलं की कमी होते. म्हणजे पहिल्या दोन्ही अधिक, वय वजा."

"ठीक आहे. पण आकडे?"

हे बोलता बोलता मला दुसऱ्या वर्षाचं जर्नल आठवलं. त्या प्रॅक्टिकलला प्रत्येकीने स्वतःचाच बीएमआर काढला होता. माझं उत्तर १२४९ आलं होतं. त्या रात्री सदाशिव पेठेतल्या खोलीत झोप येईना, तेव्हा मी किती वेळ त्या आकड्याचाच विचार करत पडले होते. मी नुसती पडून आहे, आणि तरी हृदय, मेंदू, यकृत मिळून दिवसाला १२४९ कॅलरी खर्च करतायत! तो आकडा मी विसरणं शक्य नव्हतं. त्यातली आणखी एक गोष्टही पक्की होती: उंचीचा गुणाकार अगदी हजार आला होता, आणि त्या गोल आकड्याचं मला नवल वाटलं होतं.

माझी उंची एकशे साठ. हजार भागिले एकशे साठ. ६.२५.

मी कागद उलटा केला. तेव्हाचं वजन ५२, दहाने गुणून ५२०. त्यात १०००. वय २२, आणि वयाला पाच असतात हे एकदम समोर आलं, कारण जर्नलमध्ये ११० वजा केल्याचं दिसत होतं. १४१० राहिले. उत्तर १२४९, म्हणजे शेवटी वजा १६१.

"मिळालं, मॅडम." मी लिहिलं: १० × वजन + ६.२५ × उंची − ५ × वय − १६१. मग बाईंचे आकडे घातले. ६२० अधिक ९६८.७५, वजा २९०, वजा १६१. उत्तर ११३७.७५. हलक्या कामाला १.३७५ ने गुणलं, तर साधारण १५६४. मघाशी काढलेल्या १५५० च्या अगदी शेजारी.

इंटर्नल सर आता कागदाकडे बघत होते.

"मग ह्या बाईला १५६४ चा चार्ट देणार?" मॅडमनी विचारलं.

"नाही. बीएमआय २५.८ येतो, भारतीयांच्या मापाने जास्तच आहे. थोडं कमी करीन, तेराशेच्या आसपास. बीएमआरच्या खाली मात्र नेणार नाही. आणि डायबेटिसच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत ते आधी विचारीन. काही गोळ्यांवर जेवण एकदम कमी केलं तर साखर फार खाली जाते."

"आणखी काय विचारशील?"

इंटर्नशिपमधल्या वॉर्डातल्या एक काकू आठवल्या. छापील चार्ट हातात घट्ट धरून त्या म्हणाल्या होत्या, आमच्याकडे सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी बसते, दुपारी तीनला.

"त्या जेवतात किती वाजता," मी म्हटलं. "आणि स्वतःसाठी वेगळं काही करणं त्यांना घरात जमेल का."

मॅडमनी वाटी परत आपल्याकडे ओढली आणि मार्कांच्या कागदावर काहीतरी लिहिलं. "पुढच्या मुलीला पाठव."

बाहेर पायरीवर श्वेता वही मांडीवर घेऊन बसली होती, ओठ कोरडे पडलेले. तिचा नंबर माझ्यानंतर दोन मुली सोडून होता.

"काय विचारलं गं? मिफ्लिन विचारलं? मला तो शेवटचा आकडाच राहत नाहीये."

मी तिच्या शेजारी बसले. "तुझी उंची किती?"

"एकशे बावन्न. का?"

"गुणिले ६.२५ कर. तुझेही सरळ येतात, नऊशे पन्नास. आता वजन सांग."