तिरका टाका

आजीने ओसरीवर आजोबांचं जुनं धोतर अंथरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि साड्यांचं बोचकं सोडलं. सुईत दोरा ओवायचं काम माझं. तिला आता नेढं दिसत नाही. बाकी सगळं ती बोटांनीच ओळखते.

"ही नायलॉनची. ठेव बाजूला. लग्नात मिरवायला बरी होती, पण गोधडीत ऊब धरत नाही."

पुढचं सुती पातळ तिने गालाला लावलं. "तुझ्या आईचं. यात गुंडाळून तुला दवाखान्यातून आणलं. किती रडलीस गं त्या दिवशी!"

मग इरकल आली. डाळिंबी रंग विटून विटकरी झालेला, काठ मात्र शाबूत. आजीचा हात तिथेच थांबला.

"बहात्तरचा दुष्काळ. हीच नेसून खडी फोडायला जायचे. एक दिवस दगडाच्या धारेला अडकून टरकन फाटली. कामावर नेसायला दुसरं धड लुगडं नव्हतं. आत्याबाई बोलतील म्हणून तशीच घडी करून उतरंडीमागं लपवली. सकाळी बघते तर शिवलेली! थोरल्या जाऊबाईंनीच शिवली असणार. त्यांना म्हटलं तर नुसत्या हसल्या."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. त्यांच्याबद्दल आजी फारसं बोलत नाही. त्यांचं काळं लुगडं तिने उचललं, चाचपलं आणि अस्तरासाठी धोतरावर टाकलं. "हे खालीच बरं."

तुकडा सपाट करताना त्यावरच्या जुन्या ठिगळावरून तिचं बोट फिरलं. पुन्हा फिरलं. मग तिने इरकल ओढली, फाटलेली जागा शोधली आणि एक बोट इथे, एक बोट तिथे ठेवून डोळे मिटले.

"बघ गं, टाके कुठं झुकलेत?"

मी वाकून बघितलं. आजीच्या हातचे टाके उजवीकडे झुकतात. हे दोन्हीकडचे डावीकडे झुकलेले, तांदळाच्या कणीएवढे, एकसारखे.

"दोन्हीकडं डावीकडंच."

"आत्याबाई डावखुऱ्या होत्या," आजी म्हणाली. मग बराच वेळ काहीच बोलली नाही. परसातली कोंबडी ओसरीवर आली, धोतरावरून चालत गेली. एरवी आजीने तिला चप्पल फेकून मारली असती.

"रातीचं शिवलं असंल. चिमणीच्या उजेडात. आन सकाळी मला म्हणाल्या, 'उशीर झाला, चल उठ.'"

मी म्हटलं, "कधी बोलल्या नाहीत?"

"मी तरी कुठं विचारलं!"

तिने काळा तुकडा अस्तरातून काढला, वर घेतला, इरकलीच्या काठाला काठ लावून ठेवला. ठिगळ कापून टाकायला मी कात्री पुढे केली. तिने ती माझ्या हातातून घेऊन मांडीखाली सरकवली.

"राहू दे ते तसंच. दोरा ओव, लांब घे जरा."