आहेराची पिशवी

आहेराची रांग स्टेजवरून खाली उतरून आइस्क्रीमच्या काउंटरला वळसा घालत होती, तेवढ्यात लाईट गेली. सांगलीचा वळीव तासभर गुरगुरत होताच. पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चारशे माणसं, खाली पंगतीला दोनशे, आणि मध्ये बावीस पायऱ्यांचा जिना.

वैशालीने जनरेटरकडे धाव घेतली नाही. कंबरेची बॅटरी काढून ती आधी सनईवाल्यांकडे गेली. वरात आत आली की सनई-चौघडा मोकळा करायचा, असं यजमानांचं म्हणणं होतं. हिने जादा पैसे देऊन त्यांना दहापर्यंत थांबवून ठेवलं होतं. माईक न लागणारं वाजप तेवढंच.

"गुरव मामा, सुरू करा. संथ काहीतरी. मी हात वर केला की थांबा."

सनई लागली तशी गलका निम्म्यावर आला. उठलेले काही लोक पुन्हा खुर्चीत टेकले.

मग वॉकीवर, एका दमात: "संतोष, जिन्याच्या वर, वळणावर आणि खाली एकेक पोरगा, बॅटरी पायऱ्यांवर, तोंडावर नाही. बायकांच्या बाथरूमला सुनीता. आचाऱ्याला सांग, जिलबीची भट्टी सिलेंडरपाशी बंद कर. कढईजवळून कुणी हलायचं नाही."

कढईत पंधरा लिटर तूप तापलेलं होतं. अंधारात वाढप्याचा एक धक्का लागला असता तरी पुरे होतं.

जनरेटर खाली घरघरला. ट्यूब क्षणभर पेटल्या आणि पुन्हा अंधार. हॉलभर "अरेऽऽ" उठलं. अशा वेळी लाईट येऊन गेली की माणसं जास्त बिथरतात.

वॉकीवर ऑपरेटर म्हणाला, "ब्रेकर पडला मॅडम. परत टाकतो, दोन मिनिटं."

"टाकू नका. एसी चालू ठेवून टाकलात ना? दहाही बंद करा. सगळे एमसीबी खाली घ्या, मग चेंजओव्हर."

साडेब्याऐंशी केव्हीएच्या जनरेटरला फेजमागे एकशे पंधरा अँपिअर झेपतात. दहा टॉवर एसी चालू असताना त्यात बसतात, पण सगळे एकदम सुरू होताना प्रत्येक जण पाच-सहापट करंट ओढतो. त्यातून नुकत्याच बंद पडलेल्या कॉम्प्रेसरमध्ये गॅसचा दाब उतरलेला नसतो, म्हणजे ओढ आणखी वाढते.

तिने हात वर केला. सनई थांबली. बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॉली स्पीकरचा माईक घेऊन ती स्टेजच्या कडेला उभी राहिली.

"नमस्कार मंडळी. पावसामुळे लाईट गेलीय, जनरेटर लावतोय. दहा मिनिटं लागतील. लहान मुलांना जवळ घ्या. खाली जेवण चालू आहे. जायचं असेल तर डाव्या हाताने कठडा धरून उतरा, जिन्यावर आमची मुलं आहेत. पश्चिमेच्या खिडक्या उघडतोय, बाहेर गार वारं सुटलंय."

ऑपरेटरची दोन मिनिटं तिने मुद्दामच दहा केली होती. खिडक्या उघडताच ओल्या मातीचा वास आत आला आणि कुणीतरी मागून "वाऽ" म्हणालं. सनई पुन्हा लागली.

नवरीचे काका अंधारातच ठेचकाळत आले. "अहो मॅडम, काय हे? मुलाकडच्यांना काय तोंड दाखवायचं आम्ही?"

वैशालीने त्यांचा हात धरून त्यांना स्टेजमागच्या खुर्चीवर बसवलं, पाकिटांची पिशवी मांडीवर दिली आणि बॅटरी हातात.

"काका, आहेर तुमच्याकडे. घरच्या माणसाशिवाय कुणाच्या हाती द्यायचा नाही. उठू नका."

काकांनी पिशवीचे बंद मनगटाला दोनदा गुंडाळले. नंतर मुलाकडचे दोघं काही विचारायला आले, तर त्यांच्या तोंडावर बॅटरी मारून काकांनीच त्यांना थांबवलं.

खाली एकेक एमसीबी वर जाऊ लागला. आधी जिना आणि स्वयंपाकघर, मग हॉलच्या ट्यूब आणि पंखे. अर्ध्या मिनिटाने स्टेज. साऊंडवाला पोरगा घाईने ॲम्प्लिफायरचं बटण दाबणार, तोच संतोषने त्याचं मनगट पकडलं. आधी मिक्सर, सगळे फेडर खाली, ॲम्प शेवटी; नाहीतर स्पीकर असा धाडकन वाजतो की आजीबाई दचकतात. एलईडी वॉल राहू दिली. तिच्यावर वधूवरांचे फोटोच फिरत होते, आणि वधूवर समोर उभे होते.

आठ मिनिटं झाली होती. रांग पुन्हा सरकू लागली. आचाऱ्याने भट्टी पेटवली. वैशालीने पाच मिनिटं जाऊ दिली आणि पहिला एसी लावायला सांगितला, पुढचा एका मिनिटाने.

स्टेजमागे काका तसेच बसून होते, लख्ख उजेडात बॅटरी चालूच.

"मॅडम, उठू का आता?"

"दहावा एसी लागू दे, काका."

काकांनी मान डोलावली आणि पिशवी आणखी जवळ ओढली.